तीस डॉलरची घसरण कुठे हरवते?

जून २०११ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ३२ डॉलरच्या आसपास पोहोचला होता. त्या काळी बहुतेक खरेदी-विक्री टोकियोतल्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजवर होत असे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हा भाव जेमतेम २ डॉलरवर आला. पाच महिन्यांत शंभरातले जवळपास चौऱ्याण्णव रुपये जावेत, अशी ती पडझड होती. बिटकॉइनच्या इतिहासातल्या मोठ्या घसरणींमध्ये टक्केवारीच्या हिशेबाने तीच सर्वांत भीषण. तरीही आज मोबाइलवर बिटकॉइनचा सगळ्या वर्षांचा आलेख उघडला तर ती दिसतच नाही. २०११ ते २०१६ हा सगळा काळ तळाशी आखलेल्या एका सपाट रेघेत जमा झालेला असतो.

हा दोष माहितीचा नाही, आलेखाच्या उभ्या अक्षाचा आहे. सर्वसाधारण आलेख लिनियर स्केलवर, म्हणजे समान फरकाला समान उंची या नियमाने काढलेला असतो. १०० ते १,१०० आणि ६०,००० ते ६१,००० ही दोन्ही अंतरे हजार डॉलरची, म्हणून कागदावरही ती सारखीच. पहिल्या वेळी पैसे अकरा पट झाले आणि दुसऱ्या वेळी दोन टक्केसुद्धा वाढले नाहीत, हे त्या आलेखाला कळत नाही. लॉग स्केलचा नियम वेगळा आहे: समान पटीला समान उंची. १ ते १०, १० ते १००, १०० ते १,००० आणि पुढे १०,००० ते १,००,००० या प्रत्येक टप्प्याला तेवढीच जागा मिळते. बारावीला ज्यांनी लॉग टेबल चाळले आहे त्यांना कारण ठाऊक असेल. गुणाकाराची बेरीज करून देणे हेच लॉगचे काम, त्यामुळे ‘दहा पट’ ही उडी अक्षावर एका ठरावीक पावलाएवढी होते.

पट्टी घेऊन मोजले की फरक चटकन कळतो. आलेखाला पंधरा सेंटिमीटर उंची आहे असे धरू. लिनियर स्केलवर शून्य ते ७५,००० डॉलर मांडले, तर एका सेंटिमीटरला ५,००० डॉलर येतात. लॉग स्केलवर १ ते १,००,००० डॉलर मांडले, तर दहा पटींचे पाच टप्पे होतात आणि प्रत्येकाला तीन सेंटिमीटर मिळतात. आता बिटकॉइनच्या चार मोठ्या घसरणी दोन्हींवर मोजून पाहू.

पहिली २०११ची, ३२ वरून २ डॉलर. लिनियर आलेखावर तिची उंची ०.०६ मिलिमीटर भरते, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतकी. दुसरी घसरण २०१३च्या अखेरीस सुरू झाली. भाव १,१५० च्या आसपास होता, तो जानेवारी २०१५ पर्यंत १७० च्या घरात आला. लिनियरवर तिचे दोन मिलिमीटर होतात. तिसऱ्या वेळी, डिसेंबर २०१७ ते डिसेंबर २०१८ या वर्षात, भाव सुमारे १९,७०० वरून ३,२०० वर उतरला. तिचे ३.३ सेंटिमीटर. चौथी नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ची. सुमारे ६९,००० वरून, एफटीएक्स एक्स्चेंज कोसळल्यानंतर १५,५०० पर्यंत. ती तब्बल १०.७ सेंटिमीटरची, अर्ध्याहून अधिक कागद व्यापणारी. लिनियर आलेख पाहणारा माणूस साहजिकच म्हणेल, प्रत्येक घसरण आधीच्या घसरणीपेक्षा भयंकर होत चालली आहे.

लॉग आलेखावर याच चार घसरणींची उंची अनुक्रमे ३.६, २.५, २.४ आणि १.९ सेंटिमीटर येते. क्रम पूर्ण उलटा. टक्क्यांत सांगायचे तर पहिली साधारण ९४, मग ८५, ८४ आणि ७७ टक्के. प्रत्येक मंदी आधीच्या मंदीपेक्षा कमी खोल होती, आणि अनेक वर्षांच्या कलाचा अभ्यास करणाऱ्याला नेमके हेच जाणून घ्यायचे असते. भाव तेच, तारखा त्याच, पण दोन आलेखांवरून निघणारे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

आपल्याकडच्या वाचकांना शेअर बाजारात हा अनुभव येऊन गेला आहे. २८ एप्रिल १९९२ रोजी, रोखे घोटाळा उघडकीस आल्यानंतरच्या दिवसांत, सेन्सेक्स ५७० अंशांनी पडला. ४ जून २०२४ रोजी, लोकसभा निकालाच्या दिवशी, तो जवळपास ४,३९० अंशांनी पडला. बातम्यांचे मथळे अंशांत असतात, म्हणून दुसरी पडझड आठपट मोठी वाटते. प्रत्यक्षात पहिली पावणेतेरा टक्क्यांची होती, दुसरी पावणेसहा टक्क्यांच्या आतली. सेन्सेक्सला हे अंतर गाठायला बत्तीस वर्षे लागली. क्रिप्टोत दहा-बारा वर्षांतच भाव हजारो पट बदलतो, त्यामुळे तिथे स्केलची निवड फार महत्त्वाची ठरते.

समोरचा आलेख कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायला अक्षावरचे आकडे वाचायचे. सारख्या अंतरावर २०,०००, ४०,०००, ६०,००० असे आकडे असतील तर तो लिनियर. १००, १,०००, १०,००० असे असतील तर लॉग. दोन-तीन आठवड्यांच्या छोट्या आलेखावर हा प्रश्न फारसा येत नाही. भाव दहा टक्क्यांच्या पट्ट्यात हिंडत असेल तर दोन्ही रेषा जवळजवळ एकसारख्या दिसतात. कालावधी वाढला आणि भाव दुप्पट-तिप्पट होऊ लागला की त्या वेगळ्या वाटेला लागतात. TradingView वर आलेख उघडा असताना Alt+L दाबले की लॉग स्केल लागते आणि पुन्हा दाबले की जाते. एक्सेलमध्ये उभ्या अक्षाच्या Format Axis मध्ये Logarithmic scale हा पर्याय मिळतो.

मग काय, लॉग लावले की झाले? इतके सोपे नाही. लॉग आलेखाची खरी गफलत सुरू होते ती त्यावर सरळ रेघ ओढल्यावर.

लिनियर आलेखावरची सरळ रेघ म्हणजे दर महिन्याला तेवढेच डॉलर वाढणे. लॉग आलेखावरची सरळ रेघ म्हणजे दर महिन्याला तेवढेच टक्के वाढणे, अर्थात चक्रवाढ. बिटकॉइनचे दोन तळ घेऊ: जानेवारी २०१५चा १७० आणि डिसेंबर २०१८चा ३,२०० डॉलर. मध्ये सत्तेचाळीस महिने गेले. या दोन बिंदूंतून रेघ ओढून ती आणखी सत्तेचाळीस महिने पुढे नेली तर आपण बरोबर नोव्हेंबर २०२२ मध्ये येतो, म्हणजे चौथ्या मंदीच्या तळाशी. लिनियर रेघ सांगते, ३,०३० डॉलर आणखी वाढतील आणि तळ ६,२३० ला लागेल. लॉग रेघ सांगते, भाव पुन्हा जवळपास एकोणीस पट होईल, म्हणजे तळ ६०,००० च्या वर लागेल. प्रत्यक्षात तो लागला १५,५०० ला.

लिनियर रेघेचे उत्तर निम्म्याहूनही कमी आले, लॉग रेघेचे जवळपास चौपट. २०१९ मध्ये ज्याने लॉग आलेखावर ती देखणी रेघ ओढून ‘याच्या खाली भाव जाणार नाही’ असे धरले असेल, त्याची फसगत लिनियरवाल्यापेक्षा अधिक महागडी झाली असती. याचे कारण आलेखातच आहे: वाढीचा टक्का कायम राहिला नाही, तो मंदावत गेला. लॉग आलेखावर बिटकॉइनचा मार्ग सरळ चढणीसारखा दिसत नाही, तो वर जाता जाता उजवीकडे वाकत जातो. म्हणूनच अनेक अभ्यासक सरळ रेघेऐवजी वाकती रेषा बसवतात. इंटरनेटवर लोकप्रिय झालेला इंद्रधनुष्यी रंगपट्ट्यांचा बिटकॉइन आलेख त्याच पद्धतीचा. पण ती रेषाही मागच्या भावांवर बेतलेली असते. २०२२ मध्ये भाव त्यातल्या सर्वांत खालच्या पट्ट्याच्याही खाली गेला आणि पट्टे नव्याने बसवावे लागले. आधी तीन-चार चढउतारच हाताशी असताना बसवलेल्या वक्राला भविष्याचा आधार मानणे धोक्याचे आहे, मग स्केल कोणतेही असो.

लॉग स्केलची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. या अक्षावर शून्य असूच शकत नाही. १ च्या खाली ०.१, त्याखाली ०.०१, त्याखाली ०.००१, असा जिना संपतच नाही. बिटकॉइनसाठी हे चालून जाते. मेलेल्या नाण्यासाठी चालत नाही.

टेरा लुना हे याचे उदाहरण आहे. मे २०२२च्या सुरुवातीला लुनाचा भाव ८० डॉलरच्या आसपास होता. त्याला जोडलेल्या टेरायूएसडी या नाण्याची डॉलरशी असलेली बरोबरी तुटली, ती सावरण्याच्या यंत्रणेतून लुनाची नवी नाणी अफाट संख्येने बाजारात ओतली गेली आणि आठवड्याभरात भाव एका सेंटच्याही खूप खाली गेला. हिशेबासाठी तो ०.००१ डॉलर धरू. ८० डॉलरच्या भावाने एक लाख रुपये गुंतवलेल्याच्या हाती मग सव्वा रुपया उरतो. आता तिथून भाव दहा पट वाढला असे समजा. आपल्या लॉग आलेखाच्या मापाने ही वाढ पूर्ण तीन सेंटिमीटरची, ८ वरून ८० वर जाण्याइतकीच भरदार दिसेल. तिला ‘पुनरुज्जीवन’ म्हणणारेही भेटतील. लाख रुपये घातलेल्या त्या माणसाकडे मात्र साडेबारा रुपये असतील. इथे तळाला चिकटलेली लिनियर आलेखाची सपाट रेघच वस्तुस्थिती दाखवते.

बिटकॉइनसारख्या टिकलेल्या नाण्यातही हीच अडचण सौम्य रूपात भेटते. ६९,००० वरून ३४,५०० वर येणे म्हणजे अर्धे पैसे जाणे. आपल्या लॉग आलेखावर त्याचे फक्त नऊ मिलिमीटर होतात, आणि दहा वर्षांच्या चढणीत तेवढा खळगा डोळ्यांत भरत नाही. शिखराजवळ कर्ज काढून घुसलेल्याचे काय झाले असेल, हे तो आलेख सांगत नाही. विक्रीच्या भाषणांत लॉग आलेख वापरला जातो तो पुष्कळदा याचसाठी. घबराट पसरवायची असली की लिनियर आलेख पुढे केला जातो.

म्हणून जोखीम मोजणारे अभ्यासक या दोघांच्या जोडीला तिसरा आलेख ठेवतात. त्यात भाव नसतो. आजवरच्या सर्वोच्च भावापेक्षा आपण किती टक्के खाली आहोत, एवढेच त्यात दाखवलेले असते. वर शून्य, खाली उणे शंभर, आणि त्यापलीकडे जागाच नाही. बिटकॉइनच्या अशा आलेखात २०११, २०१५, २०१८ आणि २०२२ या चार दऱ्या शेजारी शेजारी स्पष्ट दिसतात, कोणतीही केसाएवढी बारीक न होता, आणि प्रत्येक दरी आधीचीपेक्षा थोडी उथळ असल्याचेही दिसते. लुनाची रेघ मे २०२२ मध्ये उणे शंभरला टेकते. भाव तिथून दहा पट वाढला तरी ती उणे ९९.९९ च्या आसपासच राहते.