‘पर प्लेट काय घेता?’

केटररला येणारा चौकशीचा फोन बहुतेक वेळा याच प्रश्नाने सुरू होतो. आणि केटररही बहुधा तिथल्या तिथे उत्तर देऊन मोकळा होतो, ‘साडेतीनशेपासून पुढे.’ पलीकडून ‘बरं, घरी विचारून कळवतो’ येतं, फोन बंद होतो आणि ते कळवणं काही होत नाही. त्या गृहस्थांनी त्याच संध्याकाळी आणखी चार ठिकाणी फोन केलेले असतात. त्यांच्या कागदावर पाच आकडे उरतात. कोण काय वाढणार होतं, किती माणसं पाठवणार होतं, यातलं काहीच उरत नाही. मग आकड्यांत जो खालचा, त्याला काम मिळतं.

म्हणून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि रेट सांगतच नाहीत. ‘आधी ऑफिसला या, मग बोलू.’ हे त्याहून वाईट. कार्य काढलेल्या माणसाला शंभर कामं असतात, तो नुसत्या आकड्यासाठी कुणाच्या ऑफिसला जात नाही. मधला रस्ता एका वाक्याचा आहे, आणि फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ हवं: ‘दोन मिनिटांत अंदाज देतो. आधी तारीख सांगा, मोकळी आहे का बघतो.’ प्रश्न टाळलेला नाही, उत्तराची वेळ सांगितली आहे, आणि तारीख विचारण्याला समोरच्याला पटेल असं कारणही दिलं आहे.

ही पळवाट नाही, कारण माणसं किती हे कळल्याशिवाय रेट खरोखरच सांगता येत नाही. समजा आचारी, भांडी आणि टेम्पो यांचा एका कार्याचा खर्च 12,000 रुपये आहे. साठ पानांच्या बारशात तो पानामागे 200 रुपये पडतो, तीनशे पानांच्या लग्नात 40. मेनू अगदी तोच ठेवला तरी फक्त या तीन गोष्टींनी पानामागे 160 रुपयांचा फरक पडला. पंगत असेल तर वाढपी जास्त लागतात, तो हिशेब आणखी वेगळा. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलेला रेट म्हणूनच एकतर ग्राहकाला पळवतो, नाहीतर नंतर वाढवावा लागतो आणि भांडण होतं.

मग विचारायचं काय, आणि कोणत्या क्रमाने? आधी कार्य, मग तारीख आणि मुहूर्ताची वेळ, मग जागा, मग माणसं, आणि शेवटी खाण्याबद्दल काही मनात आहे का. क्रमाला अर्थ आहे. तारीख भरलेली असेल तर पुढचं बोलणंच नको. तसं स्पष्ट सांगून ओळखीतल्या दुसऱ्या केटररचं नाव सुचवलं, तर पुढच्या कार्याला फोन परत येतो. जागा विचारायची ती पत्त्यासाठी नव्हे. काही कार्यालयांत बाहेरचा केटरर चालत नाही, काही ठिकाणी चालतो पण त्याचे वेगळे पैसे घेतात, आणि काही हॉलमध्ये स्वयंपाकाला जागाच नसते, सगळं शिजवून न्यावं लागतं. हे आधी कळलं नाही तर दिलेला रेट कोलमडतो.

एक फोन नमुन्यादाखल घेऊ. पुण्यातली मुंज, मे महिन्यातला रविवार, बोलताहेत मुलाच्या आत्या.

‘साधारण दोनशे माणसं होतील,’ आत्या म्हणतात.

‘पत्रिका किती घरी जाणार आहेत, ताई?’

‘सत्तर-पंच्याहत्तर.’

‘म्हणजे घरटी तीन धरली तरी सव्वादोनशेपर्यंत जातं. आपण 220 धरून बोलू. मुहूर्त किती वाजताचा?’

‘अकरा वीस.’

‘मग मातृभोजन साडेनऊच्या सुमाराला होईल. अष्टवर्गाची पानं धरून त्याची तयारी आधी लागेल. ती आमच्याकडे ठेवायची का घरचं कुणी बघणार आहे?’

इथे पलीकडचा आवाज बदलतो. ‘अहो, ते राहिलंच होतं बघा!’ म्हणत आत्या आपण होऊन सांगू लागतात की मुलाच्या आजीला अळूची भाजी हवीच आहे आणि जिलेबी नको, आमरस हवा. सगळ्या संवादात काम मिळवणारं वाक्य म्हणायचं तर हे मातृभोजनाचं. केटररने स्वतःचं कौतुक केलं नाही, ‘क्वालिटीत तडजोड नाही’ असं काही ऐकवलं नाही. आपण मुंजी केल्या आहेत हे एका प्रश्नातून कळवलं. म्हणून लिहून ठेवायचंच तर प्रत्येक कार्यासाठी असा एक प्रश्न लिहून ठेवावा. वास्तुशांतीला ‘नैवेद्याचं पान किती वाजता लागेल?’ डोहाळजेवणाला ‘पाचही पक्वान्नं तुमच्याकडची की काही माहेरहून येणार?’ हे प्रश्न कुठल्या पुस्तकात मिळत नाहीत, जुन्या आचाऱ्याला विचारले की मिळतात.

आता रेट. तोही एकच सांगू नये आणि चार सांगून गोंधळही घालू नये. ‘मसालेभात, पुरी, अळू, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा आणि आमरस धरून 380. त्यात कोथिंबीर वडी आणि सकाळचा नाश्ता घातला तर 450. जीएसटी वेगळा.’ म्हणजे 220 पानांचे 83,600 किंवा 99,000. एकूण आकडा आपणच सांगावा; पलीकडे तो गुणाकार चाललेलाच असतो. किमान 200 पानांचे पैसे धरणार आणि वरची पानं मोजून घेणार, हेही इथेच सांगायचं. ते बिलाच्या वेळी सांगणारे केटरर एक कार्य मिळवतात आणि एक घराणं घालवतात.

यानंतर बरेच फोन हातचे जातात, कारण शेवट ‘बघा मग, कळवा’वर होतो. आत्यांना ‘बुक करू का?’ असं विचारूनही उपयोग नाही, निर्णय त्यांचा एकटीचा नाही. त्यांना जमेल एवढंच मागावं: ‘दोन्ही मेनू आत्ता व्हॉट्सअपवर पाठवतो. शनिवारी आमचं एक कार्य आहे, दुपारी चव बघायला दादा-वहिनींना घेऊन या. तोवर तारीख तुमच्या नावावर पेन्सिलने लिहून ठेवतो. रविवारी संध्याकाळी सातला मी फोन करीन, टोकन आलं की पेनाने लिहू.’ चौकशीच्या वहीत प्रत्येक नावापुढे अशी पुढची तारीख हवी. ती नसेल तर तो फोन गेला असं समजावं. मात्र चवीला बोलावण्याआधी त्या शनिवारच्या यजमानांची परवानगी घ्यायला हवी.

पेन्सिलीचा गैरवापरही होतो. ‘त्याच दिवसासाठी दुसरी पार्टी थांबलीय’ ही थाप बाजारात इतकी जुनी झाली आहे की खरी पार्टी थांबलेली असली तरी कुणी विश्वास ठेवत नाही. खरी असेल तरच सांगावं.

लिहिलेला संवाद फसतो तो वाचून दाखवल्यामुळे. समोरच्याने पहिल्याच दमात ‘मुंज आहे, दोनशे माणसं’ सांगितलेलं असताना ‘कार्य काय आहे?’ असा प्रश्न आला, तर कागद ऐकू येतो. म्हणून भिंतीवर वाक्यं लावू नयेत. कार्य, तारीख, जागा, माणसं, आवड असे पाच रकाने आखलेलं पान पुरतं. जो रकामा असेल तेवढाच विचारायचा. दुसरी अडचण कढईची. समोर पुऱ्या तळल्या जात असताना यातलं काहीच जमत नाही. तेव्हा नाव विचारून ‘वीस मिनिटांत मीच करतो’ म्हणावं, आणि करावा.

उद्या तुमच्या घरच्या कार्यासाठी तुम्ही फोन कराल आणि केटरर रेटआधी तारीख, जागा, माणसं विचारू लागेल, तेव्हा वैतागू नका, उत्तरं द्या. त्यानंतर तो जो आकडा सांगेल, तो बिलात बदलण्याची शक्यता कमी असते.