कोटेशनचं पत्र: पैसे कधी, कर किती, भाव कुठपर्यंत

मागच्या व्याख्यानानंतर काही जणांनी आपापली कोटेशनं दाखवायला आणली होती. भावाचे तक्ते बहुतेकांचे नीट होते. गडबड होती ती तक्त्याच्या वर जोडलेल्या पत्रात. म्हणून आज फक्त त्या एका पानाबद्दल बोलू, आणि एकच पत्र घेऊन ते आपण सगळे मिळून पुन्हा लिहू.

उदाहरण एका छोट्या वर्कशॉपचं आहे. त्यांनी एका पॅकिंग युनिटला बेल्ट कन्व्हेयरचं कोटेशन दिलं. कन्व्हेयर बनवून, पोहोचवून, जागेवर बसवून द्यायचा होता. किंमत ८ लाख रुपये. दोन्ही पार्ट्या महाराष्ट्रातल्याच. पत्राच्या शेवटी अटी होत्या त्या अशा:

«पेमेंट: ४० टक्के ॲडव्हान्स, ५० टक्के डिलिव्हरीला, बाकी इन्स्टॉलेशननंतर. टॅक्स एक्स्ट्रा, लागू असेल त्याप्रमाणे. व्हॅलिडिटी ३० दिवस.»

वाचायला काही खटकत नाही ना? आपण सगळे असंच लिहितो. पण यातल्या प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ होतात. आणि गिऱ्हाईक लबाड नसलं तरी स्वतःच्या सोयीचा अर्थ घेतं, हे आपण धरूनच चालायचं.

सुरुवात पहिल्या आकड्यापासून करू. ४० टक्के, पण कशाचे? मूळ किमतीचे धरले तर ३,२०,००० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून एकूण ९,४४,००० होतात, त्यांचे ४० टक्के म्हणजे ३,७७,६००. फरक ५७,६०० रुपयांचा. वर्कशॉपवाल्यांच्या मनात दुसरा आकडा होता, खात्यात आला पहिला. भांडायला जागाच नव्हती, कारण पत्रात काही लिहिलेलंच नव्हतं.

मग कर कोणत्या हप्त्यात घ्यायचा? याचं उत्तर कायद्यातच आहे. वस्तूच्या विक्रीत, कंपोझिशन योजनेत नसलेल्या व्यापाऱ्याला ॲडव्हान्स मिळाल्याबरोबर जीएसटी भरावा लागत नाही. ही सवलत नोव्हेंबर २०१७ पासून आहे. कराची जबाबदारी येते ती बिलावर, आणि बिल माल बाहेर पडताना करावं लागतं. ते बिल पूर्ण ८ लाखांचं असतं, म्हणून कर पूर्ण १,४४,००० चा. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो. गिऱ्हाइकाने शेवटचा हप्ता दिला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. कराची रक्कम तिन्ही हप्त्यांत वाटली, तर शेवटच्या हप्त्यातला कर आपल्याला खिशातून भरून ठेवावा लागतो. म्हणून सरळ लिहायचं: हप्ते मूळ किमतीवर, आणि पूर्ण कर माल निघतानाच्या हप्त्याबरोबर. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. काम निव्वळ सेवेचं असेल, म्हणजे फक्त दुरुस्ती किंवा डिझाइन, तर ॲडव्हान्सवरही कर लागतो. तिथे प्रत्येक हप्त्याबरोबर त्याचा कर मागायचा.

आता «डिलिव्हरीला» हा शब्द. गाडी आपल्या दारातून निघण्याआधी, की त्यांच्या गेटवर पोचल्यावर, की माल उतरवल्यावर? या केसमध्ये कन्व्हेयर गेटच्या आत गेला आणि अकाउंट्स विभाग म्हणाला, आमची तपासणी होऊ द्या. तीन आठवडे गेले. उपाय असा की हप्ता आपल्या हातात असलेल्या घटनेला बांधायचा: «आमच्या वर्कशॉपमध्ये चाचणी दाखवल्यावर, माल रवाना होण्याआधी.» तपासणी करायचीच असेल तर गिऱ्हाइकाने तिथे येऊन करावी.

«बाकी इन्स्टॉलेशननंतर» हे तर सगळ्यात महागात पडलं. कन्व्हेयर बसवायला काँक्रीटचा पाया आणि विजेचं कनेक्शन लागतं. दोन्ही गिऱ्हाइकाने करायचं होतं, आणि त्यांच्या कंत्राटदाराने उशीर लावला. इन्स्टॉलेशन झालं नाही, म्हणून ८०,००० रुपये अडकून पडले. इथे दुसरी तारीख जोडावी लागते: «किंवा रवानगीपासून ३० दिवसांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा.» हे वाचून गिऱ्हाईक कुरकुर करेल, आणि ते साहजिकच आहे. त्याला वाटणार, पैसे घेऊन हे बसवायलाच येणार नाहीत. म्हणून ही दुसरी तारीख फक्त त्यांच्या बाजूने उशीर झाला तरच लागू, असं स्पष्ट लिहायचं. तेवढं लिहिलं की बहुतेक जण मान्य करतात.

शेवटची गोष्ट मुदतीची. ३० दिवस, पण कधीपासून? पत्राच्या तारखेपासून, की त्यांच्या खरेदी विभागाने फाइल उघडली तेव्हापासून? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात म्हटलंय की प्रस्तावात दिलेली मुदत संपली की प्रस्ताव संपतो, आणि मुदतच दिली नसेल तर वाजवी काळानंतर संपतो. आता वाजवी काळ किती, यावर वाद घालत बसण्यापेक्षा तारीखच लिहून टाकावी. या केसमध्ये पत्र ५ ऑगस्टचं होतं. ऑर्डर ३ सप्टेंबरला आली, मुदतीच्या आत. ॲडव्हान्स आला २४ सप्टेंबरला. मधल्या काळात पत्र्याचा भाव चढला होता, आणि गिऱ्हाईक म्हणालं, आम्ही तर वेळेत ऑर्डर दिली. त्यांचं चुकलं नव्हतं. भाव कशाने पक्का होतो, हे पत्रात लिहिलेलंच नव्हतं.

आता पुन्हा लिहिलेल्या अटी वाचू:

«किंमत: ८,००,००० रुपये. वाहतूक आणि बसवणी यात धरली आहे. जीएसटी १८ टक्के (सीजीएसटी ९, एसजीएसटी ९) म्हणजे १,४४,००० रुपये वेगळे. एकूण ९,४४,०००. बिलाच्या तारखेआधी कराचा दर बदलल्यास बदललेला दर लागू.

पेमेंट:
१. ऑर्डरबरोबर ३,२०,००० (किमतीच्या ४० टक्के).
२. वर्कशॉपमधील चाचणीनंतर, रवानगीआधी ५,४४,००० (किमतीच्या ५० टक्के आणि पूर्ण जीएसटी).
३. बसवून चालू केल्यापासून ७ दिवसांत ८०,००० (किमतीच्या १० टक्के). पाया किंवा वीजजोडणी आपल्याकडून तयार नसल्यास, रवानगीपासून ३० दिवसांनी.

मुदत: हे भाव ४ सप्टेंबरपर्यंत लागू. या तारखेपर्यंत लेखी ऑर्डर आणि पहिला हप्ता दोन्ही मिळाल्यास भाव पक्का. मालाची मुदत पहिला हप्ता जमा झाल्यापासून मोजली जाईल.»

तीन हप्त्यांची बेरीज करून बघा. ९,४४,००० येते. ही बेरीज पत्र पाठवण्याआधी प्रत्येक वेळी करायचीच. टक्के आणि रुपये दोन्ही लिहिले की चूक लपत नाही. आणि हेच आकडे आतल्या तक्त्यातही असतील तर ते तंतोतंत जुळले पाहिजेत. जुन्या पत्रावरून नवं पत्र करताना तक्ता बदलतो आणि पत्र तसंच राहतं, हे आम्ही वारंवार पाहिलंय.

एका श्रोत्याने विचारलं, सरकारी टेंडरला हे चालेल का? नाही. तिथे अटी खरेदीदाराच्या असतात. आपल्या पत्रात वेगळ्या अटी घातल्या तर सशर्त निविदा म्हणून ती बाद होऊ शकते. तिथे शंका असेल तर निविदापूर्व बैठकीत विचारायची, पत्र मात्र साधं ठेवायचं.

पुढच्या वेळी येताना आपलं शेवटचं कोटेशन घेऊन या. त्यातल्या प्रत्येक हप्त्यासमोर पेन्सिलीने दोन प्रश्न लिहा: कशाचे टक्के, आणि ही घटना कोणाच्या हातात? जिथे उत्तर सापडणार नाही, तिथून आपण सुरुवात करू.