‘श्वास’मधला आजोबा नातवाला पळवतो तेव्हा

सिड फील्ड यांनी 1979 मध्ये पटकथेचा जो आराखडा मांडला, त्यात 120 पानांपैकी साधारण 30 पाने पहिल्या अंकाला, 60 दुसऱ्याला आणि 30 तिसऱ्याला मिळतात. एक पान म्हणजे पडद्यावरचा अंदाजे एक मिनिट. हे आकडे काटेकोर पाळायची गरज नाही. अंक बदलतो तो कथेचा प्रश्न बदलल्यामुळे.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (2004) पाहा. कोकणातला आजोबा परशाला शहरात डॉक्टरांकडे आणतो. प्रश्न एवढाच, की पोराच्या डोळ्यांना झालंय काय? निदान होतं कर्करोगाचं. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे पहिलं वळण. आता प्रश्न उरतो, हे आजोबा कसं पचवणार आणि त्या पोराला कोण सांगणार? दुसरा अंक यावरच चालतो.

नवखे लेखक बहुधा इथेच अडकतात. दवाखान्यातले प्रसंग एकामागून एक येतात, पण अडचण वाढत नाही. ‘श्वास’मध्ये शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा कुणालाही न सांगता परशाला घेऊन बाहेर पडतो, शेवटचं जग दाखवायला. डॉक्टर संतापतात. हे दुसरं वळण मला जास्त मोलाचं वाटतं, कारण पहिलं नशिबाने आणलं होतं, हे माणसाने घडवलं.

आपल्या पटकथेतलं वळण तपासायचं असेल, तर तो प्रसंग काढून पुढची दृश्यं वाचा. ती तशीच चालत असतील, तर तिथे वळण नव्हतंच.