रिकाम्या पॉइंटचं बिल

पहाटे तीनच्या सुमाराला खुर्चीत मान टाकून झोपलेल्या वॉचमनचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला, की पुढचं ठरलेलं असतं. सकाळपर्यंत शंभरेक मेसेज जमतात, ‘एजन्सी बदला’ अशी मागणी होते, रविवारच्या मीटिंगमध्ये आवाज चढतात आणि महिनाभरात गेटवर नव्या रंगाचा गणवेश दिसतो. पाच-सहा महिन्यांनी तसाच फोटो पुन्हा येतो. फक्त गणवेशाचा रंग निराळा असतो.

त्या फोटोने संताप येतो, पण करार संपवायची वेळ आली की तो फारसा कामाचा ठरत नाही. एजन्सीचा फील्ड ऑफिसर ‘साहेब, त्याला आजच काढलं’ म्हणतो आणि विषय मिटतो. खरी तक्रार हजेरीपत्रकात, म्हणजे सगळे ज्याला मस्टर म्हणतात त्यात दडलेली असते. ती वाचायची तर आधी एक साधा हिशेब कळायला हवा.

समजा पुण्याच्या वाकड-हिंजवडी पट्ट्यातलं दोनशे फ्लॅटचं एखादं संकुल आहे. मुख्य गेटवर दोन गार्ड, मागच्या गेटवर एक आणि इमारतींच्या लॉबीत तीन, असे दिवसाचे सहा पॉइंट आणि रात्रीचेही सहा. ड्यूटी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ आणि पुन्हा उलट. म्हणजे रोज बारा ड्यूट्या, आठवड्याला चौऱ्याऐंशी. प्रत्येक गार्डला आठवड्याची एक सुट्टी द्यायची तर त्याच्या वाट्याला सहाच ड्यूट्या येतात. चौऱ्याऐंशी भागिले सहा, म्हणजे चौदा माणसं. रोज बारा गार्ड उभे करायचे तर एजन्सीने यादीवर चौदा जण ठेवायला हवेत. वरच्या दोघांना रिलीव्हर म्हणतात. आजारपण आणि गावची रजा धरली तर पंधरावा माणूसही लागतो.

बऱ्याच ठिकाणी मात्र यादीवर जेमतेम अकरा-बारा माणसं असतात. रिलीव्हरचा पगार वाचवूनच कमी दराचं कोटेशन दिलेलं असतं. मग एक जण आला नाही, की दिवसपाळी संपवलेल्यालाच रात्री थांबवतात. ही ‘डबल’. सकाळी आठपासून उभा असलेला माणूस पहाटे तीनला खुर्चीत कोसळला, तर त्यात नवल काय? ग्रुपवर फोटो त्याचा फिरतो. त्याला चोवीस तास उभं करणारा दर कुणाच्याच फोटोत येत नाही.

गैरहजेरीचा अंदाजही आधी बांधता येतो. पगार झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस, होळी, छठ, कोकणातली माणसं असतील तर गणपती, मराठवाड्यातली असतील तर पेरणीचे दिवस. हे एजन्सीला दरवर्षी माहीत असतं, तरी ऐनवेळी ‘माणूस गावाला गेला’ हे कारण नव्यासारखं सांगितलं जातं.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी कमिटीने महिनाभर स्वतःची नोंद ठेवावी. मस्टर एजन्सीचा असतो, सुपरवायझर तो महिन्याच्या शेवटी एका बैठकीत पुरा करू शकतो. एकाच पेनाने, एकाच वळणाच्या सलग सह्या दिसल्या तर तेच झालेलं असतं. खरी हजेरी पाळी बदलताना कळते. सकाळी आणि रात्री आठला गेटच्या कॅमेऱ्यात किती जण आत आले, किती बाहेर गेले, हे पाहिलं की डबल लपत नाही. ऑफिसचा क्लार्क किंवा एखादे निवृत्त सभासद रोज दोनदा नावं उतरवून घेतात आणि सुपरवायझरची सही घेतात. एवढी वही पुरते.

आपल्या संकुलात एका महिन्याच्या तीस दिवसांत 360 ड्यूट्या भरायला हव्या होत्या. वहीप्रमाणे भरल्या 331. म्हणजे 29 वेळा पॉइंट रिकामा राहिला. भरलेल्यांपैकी 44 ड्यूट्या दिवसपाळीच्याच माणसाने रात्री ओढलेल्या होत्या. बिल मात्र आलं 352 ड्यूट्यांचं. ड्यूटीचा दर 660 रुपये धरला, तर न झालेल्या 21 ड्यूट्यांचे 13,860 रुपये जास्त लावलेले होते, वर जीएसटी वेगळा. आता तक्रारीला आकडा मिळाला. ‘गार्ड नीट काम करत नाहीत’ या वाक्यावर वाद घालता येतो, 331 आणि 352 यांच्यावर घालणं अवघड जातं.

कामातल्या चुकाही तारीख-वेळेसह लिहाव्या लागतात: मागचं गेट अमुक रात्री दोन ते साडेतीन उघडं होतं, डिलिव्हरीवाला नोंद न करता चौथ्या मजल्यापर्यंत गेला, रात्रीची गस्त झालीच नाही. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बहुतेक सोसायट्यांत काही आठवड्यांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून घटना घडली त्याच आठवड्यात फुटेज पेनड्राइव्हवर काढून ठेवावं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच, तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे फुटेज कुणी आणि कोणत्या यंत्रातून काढलं, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं बरं.

सर्वात महागात पडणारी चूक निराळीच आहे. सहा-सहा महिने कमिटी तोंडी तक्रारी करते आणि बिलं मात्र पूर्ण भरते. पुढे कपातीची वेळ आली की एजन्सी विचारते, ‘तेव्हा का नाही बोललात?’ बिल आल्याबरोबर फरकाची रक्कम बाजूला ठेवून, कारण लिहून, उरलेली रक्कम वेळेवर भरणं हाच सरळ मार्ग. करारात गैरहजेरीसाठी दंड लिहिलेला असतो. पण भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 मुळे तो आकडा जसाच्या तसा वसूल होतोच असं नाही, त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. एका रिकाम्या पॉइंटला पाच ड्यूट्यांचा दंड लावून एजन्सीला धडा शिकवणाऱ्या सोसायट्यांनी हे ध्यानात घ्यावं. शिवाय तो दंड शेवटी गार्डच्याच पगारातून कापला जाण्याची भीती असते.

लेखी सूचना देऊन, मुदत देऊन आणि एजन्सीच्या मालकासोबत बैठक घेऊन तिचं इतिवृत्त दोघांच्या सहीने ठेवूनही फरक पडला नाही, तर करार संपवायचा. इथे सभासदांचा आग्रह असतो की पत्रात सगळे गुन्हे लिहून ‘तत्काळ बडतर्फ’ करावं. अनुभवी सेक्रेटरी असं करत नाहीत. बहुतेक करारांत कोणतंही कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीने करार संपवायचं कलम असतं. त्याच कलमाखाली पत्र दिलं तर निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी अंगावर येत नाही. ड्यूट्यांचा हिशेब शेवटच्या बिलाच्या वेळी वेगळा मांडता येतो.

नोटीस न देता काढलं तर काय होतं? इंडियन ऑइल आणि अमृतसर गॅस सर्व्हिस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलेलं आहे. तिथे करार तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येण्याजोगा होता. तो चुकीच्या पद्धतीने संपवला असं मानूनही न्यायालयाने वितरकाला एजन्सी परत मिळू दिली नाही, नोटिशीच्या काळातल्या कमाईएवढीच भरपाई दिली. ते प्रकरण गॅस सिलिंडरचं असलं, तरी तत्त्व गेटवरच्या करारालाही लागू पडतं. एजन्सी सोसायटीच्या गळ्यात कायमची पडू शकत नाही, पण उतावळेपणाची किंमत साधारण एका महिन्याच्या बिलाएवढी असू शकते. करारात ‘लॉक-इन’ असेल किंवा त्याचं आपोआप नूतनीकरण होत असेल, तर गणित बदलतं. म्हणून पत्राआधी करार शेवटच्या पानापर्यंत वाचावा.

पत्र कमिटीच्या सभेत ठराव करून, चेअरमन-सेक्रेटरींच्या सहीने, स्पीड पोस्टने आणि ईमेलने जातं. शेवटच्या ड्यूटीची तारीख आणि वेळ त्यात स्पष्ट हवी. ती वेळ शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवसाची, सकाळची ठेवावी. महिन्याच्या शेवटच्या रात्री बदल ठेवणाऱ्यांची हमखास फजिती होते. एजन्सी जाणार म्हटल्यावर गार्डना आपला पगार बुडेल अशी भीती वाटते, आणि शेवटच्या दोन रात्री निम्मे पॉइंट ओस पडतात. नोटिशीच्या पहिल्याच आठवड्यात गार्डना एकत्र बोलावून, पगाराचा पुरावा दाखवल्याशिवाय एजन्सीचं शेवटचं बिल निघणार नाही, हे सेक्रेटरींनी स्वतः सांगितलं की ही गळती बरीच थांबते.

हे फक्त चांगुलपणासाठी नाही. एजन्सीने वेतन, पीएफ किंवा ईएसआय भरलं नाही, तर वसुलीचा रोख मुख्य मालक म्हणून सोसायटीकडे वळू शकतो. म्हणून पीएफचं नुसतं चलन मागून भागत नाही, कारण ते शेकडो माणसांचं एकत्र असतं. त्यासोबतची नावांची यादी मागावी आणि आपल्या वहीतल्या नावांशी ताडून पाहावी. गेटवर चौदा माणसं येऊन गेली आणि यादीत पाचच सापडली, असं निघालं तर शेवटचं बिल रोखायला याहून मोठं कारण लागत नाही.

चार्ज देताना किल्ल्यांचा जुडगा सगळ्यांना आठवतो. पंपरूमच्या जादा किल्ल्या, बूम बॅरिअरचे रिमोट, वॉकीटॉकी, जुनी व्हिजिटर रजिस्टरं आणि मोलकरणी-ड्रायव्हरांच्या नोंदी राहून जातात. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा आणि गेटवरच्या अ‍ॅपचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. नव्या एजन्सीचे चार गार्ड आदल्या दोन दिवसांपासून जुन्यांबरोबर उभे करावेत. त्या ड्यूट्यांचे पैसे सोसायटीने द्यावेत, ते वाया जात नाहीत.

नवी एजन्सी निवडताना मात्र हात पुन्हा सर्वात कमी कोटेशनकडे जातो. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा 2005 खालचा परवाना चालू आहे का, हे बघायलाच हवं. विनापरवाना एजन्सी चालवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण परवाना आहे म्हणून पॉइंट भरतातच असं नाही. दराची फोड मागावी: किमान वेतन, विशेष भत्ता, पीएफ, ईएसआय, रिलीव्हरचा खर्च, एजन्सीचं कमिशन. विशेष भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी बदलतो. वर्षभर एकच दर गोठवून मागितला, तर तो फरक कुठून तरी निघणार, आणि तो रिलीव्हरमधूनच निघतो. फोडीत रिलीव्हरची ओळच नसेल, तर ते कोटेशन बाजूला ठेवावं.

एक गोष्ट सभासदांना खटकते. नव्या एजन्सीच्या गणवेशात जुनेच दोन-तीन चेहरे गेटवर दिसतात. त्यात वावगं काही नाही. सगळ्या मुलांची नावं पाठ असणारा, कुठल्या फ्लॅटमध्ये एकटे आजोबा राहतात हे जाणणारा गार्ड राहिला तर बरंच. फक्त त्याचं नाव नव्या एजन्सीच्या पीएफ यादीत पहिल्या महिन्यापासून आलं का, आणि त्याला आठवड्याची सुट्टी मिळते का, हे सेक्रेटरींनी पहिल्या बिलाच्या वेळीच त्या वहीवरून पडताळून घ्यावं.