दोन लाख चाळीस हजार गेले कुठे?

एक छापखाना घेऊ. वर्षअखेर वहीतली विक्री ६ कोटी १० लाख, तर बारा महिन्यांच्या जीएसटीआर-३बी मध्ये मिळून ६ कोटी १२ लाख ४० हजार. उलाढाल पाच कोटींवर, म्हणजे जीएसटीआर-९सी मध्ये या फरकाचा हिशेब मांडावाच लागणार. मालकाला वाटतं, कर जास्त भरला!

लेखापरीक्षक आधी विक्रीखातं बाजूला ठेवून स्थावर-जंगम मालमत्तेचं खातं उघडतो. ऑगस्टमध्ये जुनं कटिंग मशीन दीड लाखाला विकलेलं सापडतं. वहीत ती रक्कम मशिनरीच्या खात्यातून वजा झाली, विक्रीत आलीच नाही. जीएसटीला मात्र तो पुरवठाच, त्यामुळे विवरणात बरोबर दाखवला. उरले नव्वद हजार. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खराब छपाईबद्दल ग्राहकाला तेवढ्याची क्रेडिट नोट दिली होती. वहीत ती मार्चमध्येच वजा झाली, विवरणात एप्रिलमध्ये. एप्रिलच्या जीएसटीआर-१ मध्ये तोच क्रमांक दिसला की हा फरक मिटला. दिसला नाही, तर नोट दाखवायला पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते.

खरी भीती फरक शून्य येतो तेव्हा. एक बिल विवरणात राहिलं आणि तेवढ्याच रकमेचं दुसरं दोनदा चढलं, तर वार्षिक बेरीज चोख जुळते. म्हणून मी बेरजेवर कधीच थांबत नाही. महिनावार आणि करदरवार तक्ता मांडतो, शंका आली की बिलांचे क्रमांक एकेक करून लावतो. काम कंटाळवाणं आहे, पण दोनदा चढलेलं बिल तिथेच सापडतं.