पेटीत पैसे कमी, वहीत जास्त

पुण्यात चटण्यांचा व्यवसाय सुरू केलेल्या एका तरुणीची ही गोष्ट. 31 मार्चला वहीत रोख शिल्लक 61,400 रुपये दिसत होती. पेटीत निघाले 8,900. चोरी नव्हती. एटीएममधून काढलेली रक्कम बँकेच्या उताऱ्यावरून वहीत जमा होत गेली, पण ती खर्च कुठे झाली हे कोणी लिहिलंच नाही.

फरक 52,500 रुपयांचा. ती मोबाइलमधले मेसेज, डायरी, चुरगळलेल्या चिठ्ठ्या घेऊन बसली. टेम्पोभाडं आणि हमालीचे 23,500 सापडले; सही घेऊन त्यांची व्हाउचरं केली आणि त्या-त्या तारखेला नोंदवली. बरण्यांचे 14,000 मात्र एकाच दुकानदाराला एकाच दिवशी रोख दिलेले. खर्च खरा, बिलही पक्कं. तरी एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिलं, की आयकरात ती सगळी रक्कम खर्च म्हणून सहसा धरत नाहीत. घरचा किराणा 9,000. तो मालकाची उचल.

उरलेल्या 6,000 चा पत्ता लागेना. ‘किरकोळ खर्च’ लिहून मोकळं होण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तिने तेही उचलीतच टाकले.