दोनशे कोटींसाठी दरवर्षी किती?

पुणे महापालिकेने 2017 साली पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. मुदत 10 वर्षे, व्याज 7.59 टक्के. म्हणजे व्याजाचेच वर्षाला सुमारे 15.18 कोटी, आणि शेवटी मुद्दल एकरकमी. या मुद्दलासाठी दरवर्षी वेगळी रक्कम बाजूला काढतात, तो सिंकिंग फंड. पुढचा हिशेब समजण्यापुरता, प्रत्यक्ष व्यवस्थेचा नव्हे.

दहा वर्षांत 200 कोटी म्हणजे वर्षाला 20 कोटी, असे वाटते. पण निधी 7 टक्क्यांनी वाढत असेल, तर इतके लागत नाहीत. वर्षअखेरीस एक रुपया भरत गेलो, तर पहिल्या रुपयाला नऊ वर्षांचे चक्रवाढ व्याज मिळते, शेवटच्याला काहीच नाही. सगळे मिळून 13.816 रुपये होतात. 200 ला या आकड्याने भागा: वर्षाला सुमारे 14.48 कोटी.

खरी जोखीम दराची. पाच वर्षांनी निधीत 83.24 कोटी असतील. तेव्हा दर 6 टक्क्यांवर आला आणि हप्ता तोच राहिला, तर अखेरीस सुमारे सात कोटी कमी पडतील. तूट भरायला उरलेले पाच हप्ते 15.72 कोटींचे करावे लागतात. म्हणून दरवर्षी निधीतली शिल्लक त्या वर्षी अपेक्षित असलेल्या रकमेशी ताडून पाहावी. आणि सुरुवातीचा हप्ता चुकवणे सर्वांत महाग, कारण पहिल्याच 14.48 कोटींचे मुदतीअखेर 26.61 कोटी होणार असतात.